पदवी प्रमाणपत्रावरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून मिळण्याबाबत

दिनांक : ७ जुलै २०२५

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्यालय

विषय : बी.एस्सी. (रसायनशास्त्र) पदवी प्रमाणपत्रावरील इंग्रजी नावात दुरुस्ती
संदर्भ : पीआरएन २०१७०१६४००४५१२८७, सहावे सत्र, परीक्षा २०२०

महोदय,

मी ज्ञानेश्वरी विठ्ठल शेलार, आपल्या विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर मराठी नाव बरोबर आहे. त्याच्याच खालच्या ओळीत इंग्रजी नाव मात्र असे छापले आहे :

Shelar Dyaneshwari Vithal

पासपोर्टवर :

Shelar Dnyaneshwari Vitthal

म्हणजे माझ्या नावातला एक n आणि वडिलांच्या नावातला एक t गळाला आहे. ‘ज्ञ’ इंग्रजीत कोणी Gy लिहितात, कोणी Jn. त्यामुळे स्पेलिंगवरून गोंधळ होतो हे मी समजू शकते. पण Dy असे मी कधीच लिहिलेले नाही. दहावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड आणि २०१८ साली काढलेला पासपोर्ट, तिन्हींवर Dnyaneshwari Vitthal हेच आहे.

चूक कुठे शिरली ते गुणपत्रिका ओळीने लावल्या की दिसते. पहिल्या सत्रापासून पाचव्या सत्रापर्यंतच्या पाचही गुणपत्रिकांवर नाव बरोबर आहे. सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर प्रथमच ते चुकले आणि तेथूनच पदवी प्रमाणपत्रावर उतरले असावे. त्या सत्राच्या परीक्षा अर्जाची छापील प्रत माझ्याकडे आहे. तीत स्पेलिंग बरोबर असून तीवर महाविद्यालयाचा शिक्का आहे.

यात माझा हलगर्जीपणाही आहे, तो मान्य करते. प्रमाणपत्र कोरोनाच्या काळात टपालाने घरी आले. मी मराठी नाव वाचले, श्रेणी पाहिली आणि ते फाइलमध्ये ठेवून दिले. परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी कागदपत्रे पाठवली, तेव्हा पडताळणी करणाऱ्या संस्थेने दोन्ही नावे जुळत नसल्याचे कळवून अर्ज थांबवून ठेवला. पासपोर्टवरचे नाव आणि पदवीवरचे नाव अक्षरशः सारखे हवे, असे त्यांचे म्हणणे आहे. सुधारित प्रमाणपत्र किंवा विद्यापीठाचे पत्र त्यांना २९ ऑगस्टपर्यंत हवे आहे.

यासाठी मी १२ जून रोजी परीक्षा विभागात गेले होते. तेथे मला नावबदलाची राजपत्रातील अधिसूचना आणण्यास सांगण्यात आले. याबाबत नम्रपणे सांगावेसे वाटते की मी नाव बदललेले नाही. लग्नानंतरही नाही. राजपत्र नावबदलासाठी असते. येथे मूळ नोंदीशी न जुळणारे अक्षर दुरुस्त करायचे आहे, आणि मूळ नोंद आपल्याच दप्तरी आहे. विभागाला हवे असल्यास दोन्ही नावे माझीच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून देण्यास मी तयार आहे. त्याचा मसुदा सोबत जोडला आहे.

माझी विनंती अशी :

सहाव्या सत्राची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, दोन्ही दुरुस्त करून मिळावे. केवळ प्रमाणपत्र बदलले तर गुणपत्रिकेशी ते पुन्हा जुळणार नाही. विद्यापीठाकडील लेजरमध्ये आणि डिजिलॉकरवरच्या नोंदीतही तीच दुरुस्ती व्हावी, कारण पडताळणी तेथूनही होते. नवे प्रमाणपत्र छापून येण्यास वेळ लागणार असेल, तर ‘Dyaneshwari Vithal आणि Dnyaneshwari Vitthal या एकाच व्यक्ती आहेत’ अशा आशयाचे, आपल्या सही-शिक्क्याचे पत्र तोपर्यंत द्यावे. त्यावर अंतिम मुदतीपर्यंतचा माझा अर्ज तग धरेल.

मूळ प्रमाणपत्र मी नवे हाती पडताना परत करीन. आधी जमा करणे आवश्यक असल्यास तेही करते, फक्त त्याची पोच मिळावी. मध्यंतरी हातात काहीच नसण्याची भीती वाटते. दुरुस्तीचे शुल्क मी १२ जूनलाच भरले असून चलनाची प्रत जोडली आहे. माझा पत्ता व मोबाइल क्रमांक विहित नमुन्यातील अर्जावर आहे. काही त्रुटी आढळल्यास कृपया त्यावर कळवावे, मी दुसऱ्याच दिवशी हजर राहीन.

आपली विश्वासू,
ज्ञानेश्वरी विठ्ठल शेलार

सोबत : विहित नमुन्यातील अर्ज, पदवी प्रमाणपत्र, सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, दहावीचे प्रमाणपत्र, आधार कार्ड व पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या स्वसाक्षांकित प्रती, सहाव्या सत्राच्या परीक्षा अर्जाची प्रत, महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे शिफारसपत्र, पडताळणी संस्थेच्या ईमेलची प्रत, प्रतिज्ञापत्राचा मसुदा, शुल्काचे चलन.

प्रत माहितीसाठी : संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ