बुद्धिमत्ता चाचणी, इयत्ता पाचवी: सराव पेपरातले चार प्रश्न आणि त्यांची उकल

मुलांनो, शनिवारच्या पेपरात हे चार प्रश्न सर्वाधिक चुकले. वहीत आधी स्वतः सोडवा, मग पुढे वाचा.

प्र. 11. सांकेतिक भाषेत ‘गगन’ हा शब्द ‘घखप’ असा लिहितात, तर ‘पदर’ कसा लिहाल?
(1) फधल (2) फथल (3) नधय (4) नथल

बहुतेकांनी ‘ग’चा ‘घ’ पाहिला, म्हणजे पुढचं अक्षर, आणि लगेच (1)ला गोल केला. पण ‘गगन’मध्ये ‘ग’ दोनदा आहे. पहिल्याचा ‘घ’ झाला, दुसऱ्याचा ‘ख’. एकाच अक्षराला दोन संकेत मिळाले, म्हणजे नियम अक्षराला नाही, जागेला आहे. पहिलं पुढे, दुसरं मागे, तिसरं पुन्हा पुढे (न → प). आता प → फ, द → थ, र → ल. उत्तर (2).

प्र. 12. ‘चादर नवी आहे’ = 4 7 2, ‘नवी पेठ मोठी’ = 9 4 5, ‘मोठी चादर आण’ = 2 6 9, तर ‘पेठ’ = ?
(1) 4 (2) 9 (3) 5 (4) 6

अंक शब्दांच्या क्रमाने दिलेले नाहीत. पेठ मधला शब्द म्हणून मधला अंक 4 घेतलात तर फसाल. पहिल्या दोन ओळींत ‘नवी’ आणि 4 सामाईक, शेवटच्या दोन ओळींत ‘मोठी’ आणि 9. मधल्या ओळीत उरला 5. उत्तर (3).

प्र. 17. कापूस : सूत :: सूत : ?
(1) माग (2) विणकर (3) चरखा (4) कापड

घरात माग असलेल्या मुलांनी हमखास (1) लिहिलं. सूत म्हटलं की तुम्हाला खडखडणारा मागच आठवणार, ते मला समजतं. पण आधी पहिल्या जोडीचं वाक्य करा: कापसापासून सूत होतं. तेच वाक्य पुढे चालवा: सुतापासून माग होतो का? नाही, कापड होतं. उत्तर (4).

प्र. 23. सुनंदाकडे बोट दाखवून महेश म्हणाला, “हिच्या आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझे वडील.” सुनंदा महेशची कोण?
(1) मावशी (2) मामी (3) आत्या (4) काकू

वाक्य शेवटाकडून सोडवा. ‘माझे वडील’ इथे महेशचे वडील. ते सुनंदाच्या आईचे मुलगे, म्हणजे सुनंदाचे भाऊ. वडिलांची बहीण आत्या. उत्तर (3).

पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांनी इथे जरा थांबावं. तुमच्याकडे आत्यालाही अत्त आणि मामीलाही अत्त, म्हणून (2) आणि (3)मध्ये तुमचा गोंधळ झाला. नातं तुम्हाला बरोबर कळलं होतं, फक्त मराठी शब्द निवडताना चुकलात. तेव्हा कागदावर दोन रेघा काढा, एक वडिलांची, एक आईची. वडिलांच्या रेघेवर त्यांची बहीण आत्या आणि भावाची बायको काकू. आईच्या रेघेवर तिची बहीण मावशी आणि भावाची बायको मामी. सुनंदा कोणत्या रेघेवर येते ते पाहून मगच पर्याय रंगवा.

सोमवारी येताना ‘गगन’च्याच नियमाने ‘नगर’चा संकेत लिहून आणा.