ओळखीच्या पालकांना जोडा, दोघांच्याही फीत ₹300 सूट

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पालकांसाठी
15 नोव्हेंबर ते 31 डिसेंबर

नमस्कार,

तुमचं मूल आपल्या ॲपवर शिकतंय. तुमच्या गल्लीत, भावकीत किंवा शाळेच्या गेटवर भेटणाऱ्या पालकांपैकी कुणी शिकवणी शोधत असेल, तर त्यांना तुमची लिंक पाठवा. त्यांच्या मुलाला तीन दिवसांचे थेट तास मोफत मिळतील. पुढे प्रवेश घेतला तर त्यांच्या पहिल्या महिन्याच्या फीत ₹300 सूट, आणि तुमच्या पुढच्या फीतही ₹300 सूट. आठवीच्या गणित-विज्ञानाची महिन्याची फी ₹900 आहे, म्हणजे दोघांनाही तो महिना ₹600 ला पडेल.

लिंक अशी पाठवा

ॲप उघडून खाली उजवीकडचं 'माझं खातं' दाबा आणि 'पालकांना बोलवा' निवडा. व्हॉट्सॲपचं चिन्ह दाबलं की तयार मेसेज येतो, त्यात तुमचा सहा अक्षरी कोड आधीच असतो. तो मेसेज असा:

"आमची मुलगी या ॲपवर रोज संध्याकाळी 7 ते 8 गणित-विज्ञान शिकते. मराठी आणि सेमी, दोन्ही माध्यमं आहेत. लाईट गेली तर तोच तास नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघता येतो. तीन दिवस मोफत बघा, पैसे आधी भरायचे नाहीत. पटलं तर या लिंकवरून प्रवेश घ्या, पहिल्या महिन्याला ₹300 कमी लागतील."

मुलगा असेल किंवा विषय वेगळा असेल तर मेसेज खुशाल बदला, फक्त लिंक पुसू नका. अहिराणीत पाठवायचा असेल तर तोही तयार आहे: "दादा, मना पोऱ्या याच ॲपवर गणित शिकस. तीन दिन फुकट शे, दखी ल्या. आवडनं तं भरा, नही तं सोडी द्या."

सूट हुकते ती इथे

बहुतेक वेळा समोरचे पालक लिंक न दाबता थेट प्ले स्टोअरवरून ॲप घेतात. मग ते कुणाच्या सांगण्यावरून आले, हे ॲपला कळत नाही. अशा वेळी नोंदणीच्या पहिल्याच पानावर, ओटीपी टाकण्याआधी, 'कोड आहे का?' या चौकटीत तुमचा कोड टाकायला सांगा. ओटीपी टाकून झाल्यावर कोड जोडता येत नाही. कोड फोनवर सांगितला तरी चालतो: शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होते म्हणून ही दोन्ही आम्ही कोडमध्ये ठेवलेलीच नाहीत.

दुसरी अडचण शाळेच्या ग्रुपवर होते. चार पालकांनी चार लिंक टाकल्या, तर नोंदणी करताना जी लिंक वापरली तिचीच सूट धरली जाते. त्यामुळे ग्रुपवर टाकण्यापेक्षा त्या पालकांना वेगळा मेसेज करा, किंवा सरळ फोन करा.

ज्या मोबाइल नंबरवर आधी नोंदणी झाली आहे, तो नंबर नवा धरला जात नाही. घरातल्याच दुसऱ्या मुलासाठी भावंड सवलत वेगळी आहे, तिथे हा कोड चालणार नाही. चुलत-मावस भावंडं मात्र चालतात.

सूट कधी जमा होते

प्रवेश घेतल्यावर सात दिवसांत शिकवणी पटली नाही, तर भरलेली सगळी फी आम्ही परत देतो. म्हणून तुमची सूट हे सात दिवस संपल्यावरच जमा होते. त्यांनी 12 डिसेंबरला फी भरली, तर 20 तारखेला तुमच्या 'फी' पानावर ₹300 दिसतील आणि 5 जानेवारीच्या हप्त्यातून वजा होतील. 30 डिसेंबरला भरली, तर सूट 7 जानेवारीला दिसेल आणि फेब्रुवारीच्या हप्त्यात धरली जाईल. नोंदणी 31 डिसेंबरपर्यंत आणि पहिली फी 10 जानेवारीपर्यंत झालेली हवी.

एका महिन्यात एकच सूट लागते. तिघांनी प्रवेश घेतला तर तीन महिने ₹300 कमी होत राहतील. जास्तीत जास्त सहा पालकांपर्यंत सूट मिळेल. रोख रक्कम मिळत नाही.

ही साखळी योजना नाही. तुम्ही जोडलेल्या पालकांनी पुढे कुणाला आणलं, तर ती सूट त्यांची. तुम्हाला कुठलंही टार्गेट नाही, कुणालाही न बोलावता तुमची शिकवणी आहे तशीच चालू राहील.

तुमच्या फोनमधले नंबर ॲप वाचत नाही, ओळखीच्यांचे नंबर आम्ही मागतही नाही. 'सूट जमा करायची आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो आमचा नाही, लगेच ठेवून द्या.

सूट दिसत नसेल तर 'मदत' मध्ये जाऊन 'बोलावलेले पालक' निवडा आणि त्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. कामाच्या दोन दिवसांत उत्तर येईल. ही तक्रार 31 जानेवारीपर्यंत घेतली जाईल.