१२.५०० टन

भोसरी एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पर्चेस ऑर्डरवर तीन सह्या होत, आणि तिन्ही झाल्यावरच कागद प्राजक्ताच्या टेबलावर येई. इंडेंट, कोटेशन, तुलनात्मक तक्ता, ऑर्डर, पुरवठादाराची स्वीकृती, या क्रमाने फाइल लावायची आणि रजिस्टरला नोंद घालायची, एवढंच तिचं काम. आकडे तपासणं तिच्याकडे नव्हतं.

पावसाळ्याआधीचा साठा म्हणून काढलेली ही ऑर्डर १९ ओळींची होती. जीएसटी सोडून १,४२,३६,८०० रुपये. रक्कम मोठी असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. चौथ्या ओळीत सीआरसीए शीट, १.२ मिमी, २५०० बाय १२५०: १२५.०० टन, दर ६८,५००, रक्कम ८५,६२,५००. गुणाकार चोख. सही करणाऱ्यांनी दर तक्त्याशी ताडला होता, गुणाकार पाहिला होता, आणि दोन्ही बरोबरच होते.

प्राजक्ताचं बोट अडलं ते टिंबापाशी. वरखालच्या ओळींत ८.२५०, ६.४००, ३.७५०. टनाचा आकडा म्हणजे टिंबानंतर तीन अंक, किलोपर्यंत. इथे दोनच.

तिने इंडेंट उलटून पाहिलं. शॉपने वजन नव्हे, नग लिहिले होते: ४२५ शीट. तिने मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं. अडीच मीटर गुणिले सव्वा मीटर, ३.१२५ चौरस मीटर. जाडी १.२, पोलादाची घनता ७.८५. एका शीटचं वजन २९.४४ किलो. ४२५ शीटचे साधारण १२,५११ किलो. म्हणजे साडेबारा टन. ऑर्डर गेली होती त्याच्या दहापट.

तरी तिने स्टोअरला फोन लावला. साहेबांकडे जायचं तर हातात दुसरा पुरावा हवा.

"काळेकाका, शीटच्या रॅकला किती माल मावतो?"

"वीस टन. फार तर बावीस. का गं?"

"सव्वाशे आला तर?"

"पाच ट्रेलर? ठेवू कुठे? उघड्यावर ठेवला तर पहिल्या पावसात शीटमध्ये पाणी शिरून थराथरात गंज धरेल. तो माल प्रेसला चालायचा नाही."

पावणेतीन वाजले होते. स्वीकृतीच्या पत्रात लिहिलं होतं की चाकणच्या सर्व्हिस सेंटरला कॉइल कापायचं काम दुसऱ्या पाळीत, साडेतीनला सुरू होईल. आपल्या मापाला कापलेली शीट पुरवठादार परत घेत नाही.

ती फाइल घेऊन देशमुखसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. इंडेंटचा आकडा, वजनाचा हिशेब आणि चौथी ओळ एकाखाली एक ठेवली आणि काही न बोलता उभी राहिली. त्यांनी हिशेब स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा केला.

"फरक किती?"

"७७,०६,२५०. जीएसटी धरून ९०,९३,३७५, सर."

त्यांनी आधी चाकणला फोन केला, आणि फोनवर कबूल झालेलं लगेच मेलवरही मागवलं: "ओळ क्रमांक ४ चं कटिंग पुढील सूचनेपर्यंत थांबवावे. बाकी १८ ओळींचा पुरवठा ठरल्याप्रमाणे सुरू ठेवावा. थांबवल्याची खात्री उलट मेलने द्यावी."

"ऑर्डर रद्द करून नवी काढू का, सर?"

"नको. रद्द केली तर बाकीचा मालही अडेल. अमेंडमेंट क्रमांक १ काढ. जुनं प्रमाण, नवं प्रमाण, कारण, सगळं त्यात दिसू दे. सह्या पुन्हा तिन्ही. आणि जुनी स्वीकृती फाडायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारून फाइललाच ठेव."

तीन वाजून वीस मिनिटांनी चाकणहून उत्तर आलं. कॉइल अजून मशीनवर चढली नव्हती.

अमेंडमेंटवर नवी बेरीज ६५,३०,५५० आली. कारणाच्या रकान्यात 'टंकलेखनातील चूक' असं लिहायचं तिच्या अगदी ओठांवर होतं, पण कुलकर्णी मॅडमनी १२५०० हेच टाइप केल्याचं त्यांच्या वहीत स्वच्छ होतं. ऑर्डरच्या स्क्रीनवर टिंब टाइप करायचं नसतं, आयटम कोडला जितके दशांश ठरवलेले तितके अंक सोडून सॉफ्टवेअर स्वतःच टिंब देतं. जुन्या शीटच्या कोडला तीन दशांश होते. १.२ मिमीचा कोड गेल्या महिन्यात नवा उघडलेला, त्याला दोन. तेच १२५०० एकीकडे १२.५०० होतं आणि दुसरीकडे १२५.००.

तिने कारण तसंच लिहिलं, कोडसकट. कुलकर्णी मॅडमनी वाचून मान हलवली आणि आपली खुर्ची तिच्या स्क्रीनकडे ओढली. दोघींनी एप्रिलपासून उघडलेले टनातले सगळे कोड काढले. अकरा निघाले. तिघांना दोनच दशांश होते. त्यातल्या ब्राइट बारच्या कोडवर एक ऑर्डर टाइप होऊन सहीसाठी गेलेली होती, आणि प्राजक्ता ती परत आणायला उठली.