विषय: नोव्हेंबर 2025 चं लाईट बिल चुकीच्या रिडिंगवर निघालंय, ते दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता साहेब,
वीज वितरण शाखा कार्यालय

हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली
दि. 28 नोव्हेंबर 2025

साहेब, नमस्कार.

आमचं घरगुती सिंगल फेज कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक सोबतच्या बिलाच्या झेरॉक्सवर आहे. या महिन्याचं बिल 8,340 रुपये आलंय. घरात चार माणसं, फ्रिज, टीव्ही, तीन पंखे न् ट्यूबलाईट, एसी नाही, गिझर नाही, आंघोळीचं पाणी बंबात तापतं. मे ते ऑक्टोबरची बिलं काढून बघितली तर 805, 781, 742, 718, 696 आणि 752 रुपये, म्हणजे सरासरी 749, आणि एकाही महिन्यात 100 युनिटच्या वर गेलेलो नाही.

चूक कुठं झालीय ते बिलावरच दिसतंय. मागील रिडिंग 8374, चालू रिडिंग 8962, वापर 588 युनिट असं छापलंय. पण त्याच बिलावर मीटरचा जो फोटो आहे त्यात 8462 दिसतंय. मीटरच्या काचेवर धूळ आहे, फोटो जरा तिरका आलाय, त्यामुळं 4 चा 9 वाचला गेला असणार, पण फोटो मोठा करून बघितला तर त्या आकड्याची वरची आडवी रेघ पेटलेलीच नाही, म्हणजे तो 4 च आहे. खरा वापर 88 युनिट. आणि याहून पक्का पुरावा म्हणजे आज 28 तारखेला सकाळी मीटरवर 8492 आहे, मोबाईलवर फोटो काढलाय, प्रिंट जोडलीय. रिडिंग 18 तारखेला घेतलंय, मग 18 तारखेला 8962 असलेला मीटर दहा दिवसांनी 8492 कसा दाखवेल? मीटर काय उलटा फिरत नाही.

काउंटरवर विचारलं तर सांगितलं की आत्ता भरा, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट होईल. साहेब, हे आम्हाला मान्य नाही आणि का नाही ते सांगते. आमच्या वापरानं मीटर 8962 ला पोचायला अजून पाच-साडेपाच महिने लागतील, तोवर आमचे हजारो रुपये तुमच्याकडं अडकणार. शिवाय 588 युनिट एका महिन्यात दाखवल्यामुळं 100, 300 आणि 500 च्या पुढचे सगळे महाग स्लॅब लागलेत आणि त्यावर वीज शुल्क 16 टक्के. नुसते युनिट पुढं वजा केले तरी महागड्या दरानं घेतलेले पैसे परत येत नाहीत, आणि आम्ही तर पहिल्या स्लॅबच्या बाहेर कधी गेलेलोच नाही. म्हणून ॲडजस्टमेंट नको, 8462 रिडिंग धरून बिलच नवीन काढून द्या. मीटरवर शंका असेल तर माणूस पाठवून तपासून घ्या, आमची काही हरकत नाही, फक्त घरात कोणी असताना या आणि रिपोर्टची एक प्रत द्या.

बिल भरायची शेवटची तारीख 12 डिसेंबर आहे. आम्ही पैसे बुडवायला बसलेलो नाही, आजवर एकही बिल थकवलेलं नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणं वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांची सरासरी हरकत नोंदवून भरता येते आणि मग लाईट तोडता येत नाही, त्याप्रमाणं 749 रुपये लगेच भरायची तयारी आहे. काउंटरवर कमी रक्कम सिस्टिम घेत नाही म्हणतात, तर तेवढे भरून घ्यायची चिठ्ठी तुमच्या सहीनं द्यावी. आणि वाद मिटेपर्यंत लाईनमनला कट करायला पाठवू नका, तसंही पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय तोडता येत नाही. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, रात्री-अपरात्री नेब्युलायझर लावायला लागतो, त्यामुळं ही गोष्ट आमच्यासाठी फार जोखमीची आहे.

कस्टमर केअरला ईमेल करायला मुलानं हाच अर्ज इंग्रजीत केलाय, त्याची प्रत सोबत जोडलीय, आकडे आणि मागणी दोन्हीत सारखीच आहे. उत्तर मात्र मराठीत आणि लेखी द्या, कारण बिलाचं सगळं मीच बघते. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडं जावं लागेल, पण फोटो समोर ठेवून बघितला तर हे काम तुमच्या टेबलावरच होण्यासारखं आहे.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मारून द्यावा ही विनंती.

आपली,
वैशाली पाटील

सोबत: नोव्हेंबरच्या बिलाची झेरॉक्स, मागची सहा बिलं, आजच्या मीटरचा फोटो, इंग्रजी अर्जाची प्रत