मेघाच्या चाळिशीला

नमस्कार मंडळी. ताटं वाढायच्या आधी पाच मिनिटं द्या. मेघा म्हणेल, हिची पाच मिनिटं म्हणजे पाऊण तास. तिचं ऐकू नका, आज तिला बोलायला बंदी आहे.

आता पडद्यावर वीस वर्षं सरकतील. पहिला फोटो 2005 चा. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, तीन कॉट, एक खिडकी. रोलमधला शेवटचा फोटो, म्हणून कडेला थोडा जळलाय. त्यात मेघा माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघतेय, कारण पहिल्याच सकाळी मी तिच्या बादलीतलं गरम पाणी संपवलं होतं. काकू, तुमची लेक हे अजून विसरलेली नाही.

मग सिंहगड. सात फोटो आहेत आणि सातही फोटोंत आम्ही पिठलं-भाकरी खातोय. गड चढतानाचा एकही नाही. तेव्हा कॅमेरा धरण्याइतका दम दोघींतही नव्हता.

2007 ते 2009 जवळजवळ कोरं आहे. ते फोटो ऑर्कुटवर होते. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, आणि ‘उतरवून घेऊ गं, काय घाई आहे’ म्हणणाऱ्या आम्ही दोघी बसून राहिलो. निखिल, तुझं नशीब; तिचे तेव्हाचे इस्त्री केलेले केस तुझ्या नजरेतून सुटले.

पुढे लग्नं, बारशी, बदल्या. ते तुम्हाला दिसेलच.

एका फोटोत मात्र माणूसच नाही. नुसता स्टीलचा डबा आहे, झाकणावर काकूंचं नाव कोरलेला. 2016 साली आमचं भांडण झालं. कशावरून, ते आजही दोघी वेगवेगळं सांगतो. अकरा महिने फोन नाही. पण तिचा डबा माझ्याकडे राहिला होता. रिकामा डबा परत करायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. आणि भरून द्यायचा तर आधी राग गिळायला हवा. रोज चहा टाकताना तो फडताळातून माझ्याकडे बघायचा. शेवटी दिवाळीत बेसनाचे लाडू केले आणि भावाच्या हाती पाठवून दिले.

संध्याकाळी फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही. ‘बेसन कच्चं राहिलंय. ये, दाखवते.’

गेले. तिनं माझे सगळे लाडू मोडून कढईत घातले आणि पुन्हा भाजले. मी शेजारी उभी राहून वेलदोडे सोलले. भांडणाचा विषय दोघींनीही काढला नाही, आणि आजही काढणार नाही.

तर मंडळी, सोलकढीचे ग्लास उचला. मेघे, चाळिशीच्या खूप खूप शुभेच्छा! आणि डबा सध्या तुझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले.

निखिल, दिवे घालव.