बाबांची ट्रॅकी: सक्शन कसं करायचं आणि ट्यूब ब्लॉक झाली तर काय

निनाद, मी उद्या पहाटे पुण्याला निघतेय, पाच दिवस घर तुझ्यावर आणि लता मावशींवर आहे. रविवारी सिस्टरांनी तुझ्याकडून बाबांच्या गळ्यातल्या श्वासाच्या ट्यूबचं, म्हणजे ट्रॅकीचं, दोनदा सक्शन करून घेतलं, इनर काढायला आणि ट्यूब बदलायला शिकवलं, त्यामुळे हात बसलाय तुझा, पण रात्री तीनला झोपेतून उठून करताना डोकं चालत नाही म्हणून सगळं लिहून ठेवतेय. याची एक प्रिंट बाबांच्या पलंगाजवळ भिंतीवर लाव, मावशींनाही वाचून दाखव.

आधी एक शब्दाचा गोंधळ मिटवते. हॉस्पिटलात सगळे "कफ" म्हणतात, कधी घशातला कफ आणि कधी ट्यूबच्या टोकाजवळचा तो हवेचा फुगा, दोन्हीला एकच शब्द. इथे मी घशातल्याला बेडका म्हणते आणि त्याला फुगा म्हणते. आणि ट्यूबच्या आत जी दुसरी नळी सरकते, काढता येते, ती इनर.

सक्शन घड्याळ बघून करू नकोस, गरज लागली की कर. घरघर ऐकू येतेय, ट्यूबच्या तोंडाशी बेडका दिसतोय, बाबा खोकतायत पण बाहेर येत नाहीये, किंवा सॅच्युरेशन नेहमीच्या ९५ ते ९७ वरून खाली यायला लागलंय, ही वेळ. दर तासाला उगाच नळी घालत राहिलं की आतली त्वचा सोलवटते आणि रक्त येतं. पण खूप वेळ काहीच आवाज नाही म्हणून निर्धास्तही राहू नकोस, सकाळी उठल्यावर, जेवणाच्या फीडच्या आधी आणि झोपण्याआधी ट्यूबला कान लावून ऐकायचंच. फीड झाल्यावर लगेच सक्शन शक्यतो नको, उलटी येते, पण श्वास अडकला असेल तर फीडचा विचार करायचा नाही.

आता क्रम. बाबांना सांग, "बाबा, सक्शन करतोय, खोकला येईल", ते बोलू शकत नाहीत पण सगळं कळतं त्यांना, न सांगता नळी घातली की घाबरतात आणि हात झटकतात. पाठ ३० ते ४५ अंश उचललेली हवी, बोटाला ऑक्सिमीटर. हात साबणाने नीट धुवायचे, मशीन चालू करून पाइपचं तोंड अंगठ्याने बंद करायचं आणि काटा १०० ते १२० मध्ये येतोय का बघायचं, १५० च्या वर कधीच नाही. मग सक्शनच्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं, पाकीट फोडायचं, ग्लोव्हज घालायचे, आणि कॅथेटरचा जो भाग आत जाणार त्याला ग्लोव्हजशिवाय कशालाही लावायचं नाही, चादरीलाही नाही. खाली पडलं की फेकून दुसरं घे, पैसे वाचवू नकोस.

ऑक्सिजन. हे मी सगळ्यात जास्त महत्त्वाचं मानते, कारण मी स्वतः चुकलेय. पहिल्या आठवड्यात एकदा घाईत मी तसंच कॅथेटर घातलं, सॅच्युरेशन ९३ होतं, डोळ्यासमोर ८४ झालं, बाबांचे ओठ काळपट पडले, परत वर यायला दोन मिनिटं लागली, ती दोन मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही. सक्शन नुसता बेडका ओढत नाही, फुफ्फुसातली हवाही ओढतं, आणि नळी आत असताना श्वासाची वाट अर्धी बंद असते. त्यामुळे आधी बाबांच्या फुफ्फुसात ऑक्सिजन भरून घ्यायचा. डॉक्टरांनी बाबांसाठी सांगितलंय की कॉन्सन्ट्रेटर २ वरून ५ लिटरवर करायचा, ट्रॅकी मास्क नीट लावलाय ना बघायचं, आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं, घड्याळात बघून. आकडा ९५ च्या वर स्थिर झाला की मगच. सक्शन संपल्यावर पुन्हा एक मिनिट ५ वर ठेवायचा आणि आकडा पूर्वीसारखा झाला की २ वर आणायचा. हा लिटरचा आकडा बाबांचा आहे, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, काही पेशंटना जास्त ऑक्सिजन चालत नाही.

कॅथेटर आत घालताना अंगठ्याचं भोक उघडं, म्हणजे ओढ बंद. किती आत? सिस्टरांनी स्पेअर ट्यूबशेजारी कॅथेटर धरून ट्यूबच्या टोकाच्या जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढे येईल तिथे खूण केलीय, ते मोजपट्टीचं कार्ड ड्रॉवरमध्ये आहे, दरवेळी त्यावर मोज. त्याहून खोल नको. वाटेत अडलं तर ढकलायचं नाही (याबद्दल खाली लिहिलंय, ते नक्की वाच). मग अंगठा भोकावर ठेवून बोटांत हळूच फिरवत बाहेर काढायचं, आत जाऊन बाहेर येईपर्यंत सगळं मिळून १० सेकंद, १५ ची हद्द. मी स्वतः श्वास रोखून करते, मला गुदमरायला लागलं की बाबांनाही लागलंय असं समजते. एकदा झाल्यावर निदान अर्धा-एक मिनिट ऑक्सिजनवर विश्रांती, मग लागलंच तर परत, एका वेळेला तीनपेक्षा जास्त नाही. मध्येच सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं, किंवा नाडी एकदम ६० च्या खाली आली, तर जिथे असशील तिथून कॅथेटर बाहेर आणि ऑक्सिजन.

तोंडाचं सक्शन शेवटी, ट्यूबचं झाल्यावर. तोंडात घातलेलं कॅथेटर ट्यूबमध्ये परत कधीच जाणार नाही. नंतर पाइपमधून उकळून गार केलेलं पाणी ओढून घ्यायचं, कॅथेटर आणि ग्लोव्हज लाल पिशवीत, बाटली पाऊण भरायच्या आत रिकामी करायची. आणि ते सलाईन ट्यूबमध्ये टाकून बेडका पातळ करायचा प्रकार शेजारच्या काकांनी सुचवला होता ना, ते करायचं नाही. बेडका घट्ट झाला तर नेब्युलायझेशन, डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं, आणि ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर रेषेपर्यंत. ती बाटली रिकामी राहिली की दोन-तीन तासांत बेडका पापडासारखा वाळतो, एसी लावला की अजून लवकर.

बेडक्याचा रंगही बघत जा. पांढरा, पातळ, ठीक. पिवळा-हिरवा झाला, वास यायला लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एखादी लाल रेघ आली तर हलक्या हाताने कर आणि कळव, पण ताजं लाल रक्त भरून आलं तर थेट १०८.

इनर सकाळ-दुपार-रात्र तीनदा काढून बघायचं, बेडका जास्त असेल तर त्याहूनही. ट्यूबची बाहेरची कड एका हाताने घट्ट धर, दुसऱ्या हाताने इनर फिरवून सोडव, कड न धरता ओढलंस तर अख्खी ट्यूबच हलते. लगेच स्पेअर इनर घालायचं आणि काढलेलं उकळून गार केलेल्या पाण्यात छोट्या ब्रशने धुवायचं, उजेडाकडे धरून आरपार बघायचं, झटकून कोरडं करून डबीत. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं नाही. मानेची पट्टी बदलायला दोन माणसं लागतात, एकाने ट्यूब धरून ठेवायची, नवीन बांधल्यावरच जुनी सोडायची, आणि पट्टीखाली एक बोट जाईल इतकी ढिली. भोकाभोवती कात्रीने कापलेला गॉज लावू नकोस, धागे सुटून आत जातात, तयार कापलेला आहे पिशवीत. फुग्याचा दाब सिस्टर मीटरने २० ते ३० मध्ये ठेवतात, तू हवा भरायला जाऊ नकोस. आणि पावडर, अगरबत्ती, मच्छरची कॉइल या खोलीत नाही, आईला वाईट वाटेल पण देवासमोरची उदबत्ती पाच दिवस बाहेरच्या गॅलरीत लावू दे तिला.

आता ब्लॉक. हा भाग तोंडपाठ कर. ट्यूब भरत असेल तर आधी शिट्टीसारखा किंवा खरखर आवाज येतो, बाबा अस्वस्थ होतात, चादर ओढतात, कपाळावर घाम, नाकपुड्या फुलतात, श्वास घेताना गळ्याखालचा खड्डा आत ओढला जातो, नाडी वाढते, सॅच्युरेशन पडायला लागतं. ओठ-नखं निळी पडणं हे फार उशिरा दिसतं, त्याची वाट बघायची नाही. तळहात ट्यूबसमोर धर, हवा लागत नसेल किंवा कॅथेटर आत जातच नसेल, तर ट्यूब ब्लॉक आहे असंच धरायचं. "बाबांना राग आलाय", "स्वप्न पडलं असेल" असं मनात आणायचं नाही, अस्वस्थपणा म्हणजे आधी ट्यूब.

तेव्हा असं कर:

मोठ्याने मावशींना हाक मार, त्यांनी १०८ लावायचा आणि "गळ्यात ट्यूब आहे, ब्लॉक झालीय, श्वास घेता येत नाही" एवढंच सांगायचं. तोंडावर एक मास्क आणि गळ्यावर एक, दोन्हीकडे ऑक्सिजन, एक कॉन्सन्ट्रेटरवरून आणि एक सिलिंडरवरून.

फिल्टर लावलेला असेल तर काढ. इनर काढ. दहापैकी नऊ वेळा, सिस्टर म्हणतात, गाठ इनरमध्येच असते आणि ते काढताच श्वास सुटतो. सुटला तर स्वच्छ इनर घाल.

नाही सुटला तर कॅथेटर घालून बघ. गेलं तर सक्शन कर. नाही गेलं तर जोर लावू नकोस, गाठ अजून खाली ढकलली जाते. आणि या वेळी ॲम्बू बॅग ट्यूबला लावून दाबायची नाही, हवा आत जाणारच नाही.

फुग्याच्या बाहेरच्या छोट्या गोळीला १० मिलीची सिरिंज लावून सगळी हवा काढ. बाबांचा वरचा घसा मोकळा आहे, डॉक्टरांनी तपासलंय, त्यामुळे ट्यूबच्या बाजूने तोंडावाटे हवा जाऊ शकते.

तरीही श्वास येत नाही तर मानेची पट्टी काप आणि ट्यूब काढ. हो, काढायची. बंद ट्यूब गळ्यात ठेवण्यापेक्षा उघडं भोक चांगलं. तोंड आणि गळा दोन्हीकडे ऑक्सिजन चालू ठेव. भोक दोन महिन्यांत पक्कं झालंय, लगेच मिटत नाही, तेव्हा त्याच मापाची नाहीतर एक माप लहान ट्यूब जेली लावून घालायचा एकदा प्रयत्न कर, जात नसेल तर धडपडू नकोस. श्वासच थांबला तर भोकावर गॉज दाबून धर आणि तोंडावर मास्क लावून ॲम्बू बॅग, नाडी लागत नसेल तर छातीवर दाब सुरू, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

पलंगाच्या डोक्याशी निळी पिशवी टांगलीय: त्याच मापाची आणि एक लहान ट्यूब, कात्री, सिरिंज, जेली, कॅथेटर, ॲम्बू बॅग, टॉर्च. रोज रात्री उघडून बघ आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला त्यातली कात्री वापरू नका, मावशींनाही सांग.

लाईट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, तेव्हा लगेच सिलिंडर, त्याची चावी त्याच्याच गळ्यात दोरीने बांधलीय. सक्शन मशीनची बॅटरी रोज रात्री चार्जिंगला लाव, तीही संपली तर पायाने चालवायचा पंप कपाटाखाली आहे, एकदा दाबून बघून ठेव. ऐरोली पुलावर संध्याकाळी किती ट्रॅफिक असतो तुला माहितीय, त्यामुळे ॲम्ब्युलन्स पटकन येईल या भरवशावर राहू नकोस, वरचं सगळं तुलाच पहिल्या काही मिनिटांत करायचंय. बोलावलीस की वॉचमनला फोन करून गेट उघडं आणि लिफ्ट खाली धरून ठेवायला सांग. डॉक्टरांचा आणि सिस्टरांचा नंबर फ्रिजवर आहे. कॅथेटरची वीस पाकिटं आहेत, आठ राहिली की मेडिकलमध्ये १० नंबरची सांग, १२ ची देतील तर घेऊ नकोस, ती बाबांच्या इनरला जाड होतात.