सुनीता मॅडमना वाढदिवसानिमित्त

आटपाडी
१ जून २०२६

सुनीता मॅडम,
सप्रेम नमस्कार.

वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. सकाळपासून ग्रुपवर फुलांची आणि केकची रांग लागली आहे, तिथे मी नुसते हात जोडलेत. जे लिहायचं होतं ते चारचौघांत लिहिलं असतं तर उगाच साहेबांची मर्जी राखल्यासारखं दिसलं असतं, म्हणून हा कागद.

१ जून ही जन्मतारीख बँकेत कुणी खरी मानत नाही. केवायसीचे कागद चाळताना दिसतंच, शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलंय. मीही त्यातलाच. आई सांगायची, माझा जन्म दिवाळीच्या तोंडावरचा. तुमची तारीख मात्र अस्सल आहे हे कळलं, तेव्हा कॅश केबिनमध्ये आम्ही सगळे हसलो होतो. कागदोपत्री का होईना, आपला वाढदिवस एकच. आणि एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीलाच निवृत्त होतो, त्यामुळे पुढच्या वर्षी ३१ मेला माझा शेवटचा दिवस. मास्तरांनी पाच महिन्यांचा पगार बुडवला म्हणायचा! सांगायचं कारण एवढंच, की बदली, बढती, रजा यातलं काही पदरात पाडून घ्यायला मी हे लिहीत नाही.

तुम्ही इथे रुजू झालात ते २०२४ च्या जूनमध्ये, आणि लगेच लाडक्या बहिणींची गर्दी सुरू झाली. ऑगस्टमध्ये, राखी पौर्णिमेच्या आधी, दोन महिन्यांचे मिळून तीन हजार जमा व्हायला लागले तेव्हा तर दार उघडायच्या आधीच पायऱ्या भरलेल्या असायच्या. एक मावशी तीन दिवस येत होत्या. पासबुक आपलं, आणि पैसे काही दिसेनात. मी दोनदा 'अजून आले नाहीत' म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना केबिनमध्ये बसवलंत, त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघितलंत. ते निघालं दुसऱ्याच बँकेला, कधीकाळी काढून विसरलेल्या खात्याला. पैसे तिथे पडून होते.

आधार आपल्याकडे वळवून घेता आलं असतं. खातं चालू राहिलं असतं, ठेवींचा आकडाही तेवढाच हलला असता. तुम्ही त्या बँकेचं आणि शाखेचं नाव निळ्या पेनाने मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिलंत आणि म्हणालात, "आज तिकडे जा, पैसे आजच मिळतील. खातं कुठे ठेवायचं ते नंतर सावकाश ठरवा." दुसऱ्या दिवशी तसाच मजकूर लिहिलेला पुठ्ठा दाराशी लागला, आणि काउंटरवरची निम्मी भांडणं थांबली. मी पस्तीसेक वर्षं हे काम करतोय, पण लोकांना आधी हे विचारावं असं मला सुचलं नव्हतं.

सगळंच पटतं असं नाही. विम्याच्या टार्गेटवरून आपलं वाजलं होतं, आणि माझं मत आजही तेच आहे. पीक कर्जाच्या नूतनीकरणाला सातबारा घेऊन आलेल्या माणसापुढे पॉलिसीचा फॉर्म सरकवायचा नाही. तो 'नाही' म्हणायला घाबरतो. तुमच्यावर वरून दबाव असतो हे मला कळतं. पण त्या मीटिंगमध्ये तुम्ही माझं बोलणं मध्ये तोडलं नाहीत, आणि नंतर त्याचा रागही माझ्या वाट्याला आला नाही. रजेचा अर्ज त्याच आठवड्यात होता, तो नेहमीसारखा सही होऊन आला.

आता शुभेच्छा, तुमच्या कामाच्या. दुसरा आणि चौथा शनिवार खरोखर सुट्टीचा जावो, पुण्याला मुलाकडे जाताना फोन वाजू नये. खरीप कर्जाच्या दिवसांत सर्व्हर बसू नये. पाऊस वेळेवर यावा, म्हणजे वसुलीला दारोदार फिरायची पाळी येणार नाही. तब्येत सांभाळा, दुपारचा डबा चार वाजता उघडायची सवय चांगली नाही, हे वयाने मोठा म्हणून सांगतो.

केक शिपाईमामांनी आणून ठेवलाय. कॅश टॅली झाल्यावर कापू. आज सोमवार आहे, साडेपाच तरी होतील. ग्राहक असताना बोलावू नका, नाहीतर कापायचा राहून जाईल.

आपला,
मिलिंद
(कॅश विभाग)